ल्युटेशियम-१७७ पेप्टाइड चिकित्सा

सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाशी साधर्म्य असलेल्या लहान पेप्टाइडाला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी समस्थानिक जोडून न्यूरोएंडोक्राइन अर्बुदांवर केला जाणारा उपचार. ‘पेप्टाइड रिसेप्टर रेडिओन्यूक्लाइड थेरपी’ या इंग्रजी नावाच्या ‘पीआरआरटी’ या आद्याक्षरांनी तो रुग्णालयांत ओळखला जातो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संयुगाला डोटाटेट म्हणतात. त्यातील पेप्टाइड अर्बुदाच्या पेशींवर दाटीने असणाऱ्या सोमॅटोस्टॅटिन ग्राहकांना, मुख्यत्वे दुसऱ्या उपप्रकाराला, चिकटते आणि पेशीच्या आत ओढले जाते. डोटा हा पिंजऱ्यासारखा रेणू धातूचा अणू धरून ठेवतो. हे औषध रुग्णांवर तपासणाऱ्या नेटर-१ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युरोपात आणि २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. प्रस्तुत नोंदीत समस्थानिकाचे उत्सर्जन आणि त्यावरून ठरणारी रुग्णाच्या घरी जाण्याची वेळ यांचाच विचार केला आहे.

ल्युटेशियम या मूलद्रव्याचे नाव पॅरिसच्या ल्युटेशिया या प्राचीन नावावरून आले. १९०७ च्या सुमारास झॉर्झ उर्बँ आणि कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या दोघा रसायनज्ञांनी शोधाचा दावा केला. अग्रमान उर्बँला मिळाला, तरी जर्मन लेखनात वेल्सबाखने दिलेले ‘कॅसिओपियम’ हे नाव पुढे बराच काळ टिकून होते.

उत्सर्जन : ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य ६.६५ दिवस आहे. जुन्या तक्त्यांत ६.७ पेक्षा किंचित मोठे आकडेही आढळतात, परंतु नव्या मोजमापांचा कल ६.६५ कडे आहे. क्षय होताना तो बीटा कण सोडून स्थिर हाफ्नियम-१७७ मध्ये बदलतो. बीटा कणांची कमाल ऊर्जा ४९८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, तर सरासरी सुमारे १३४ असते. पेशी मारण्याचे काम हेच कण करतात.

हे कण ऊतकात किती दूर जातात, याबद्दल संदर्भग्रंथांत मेळ नाही. कमाल पल्ला कुठे १.८ मिलिमीटर, तर कुठे २ मिलिमीटर दिलेला असतो. तो फरक केवळ पूर्णांकात मांडण्याचा आहे. सरासरी पल्ल्याचा घोळ मात्र मोठा आहे : ०.६७ मिलिमीटर हा आकडा एका लेखातून दुसऱ्यात उतरत आला आहे, तर काही ठिकाणी ०.२३ मिलिमीटर दिसतो. सरासरी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाचा पाण्यातील पल्ला प्रमाणित तक्त्यांतून काढला, तर तो ०.२३ च्या आसपास येतो, म्हणून दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. ०.६७ मागे ‘सरासरी’ची वेगळी व्याख्या असावी. कोणताही आकडा घेतला तरी निष्पत्ती एकच राहते. हे कण अर्बुदातच थांबतात, रुग्णाची त्वचा ओलांडत नाहीत आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्यांचा उपद्रव होत नाही. तुलनेसाठी, याच उपचारात पूर्वी अधिक वापरल्या जाणाऱ्या इट्रियम-९० चे बीटा कण ऊतकात ११ मिलिमीटरपर्यंत जातात.

शरीराबाहेर येतात ते गॅमा किरण. दर शंभर क्षयांमागे सुमारे १० वेळा २०८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा आणि सुमारे ६ वेळा ११३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण निघतो. गॅमा कॅमेऱ्याला एवढे पुरते, त्यामुळे दिलेल्या औषधाचेच चित्र घेऊन ते कोठे साठले आहे हे पाहता येते. थायरॉइडच्या उपचारात वापरले जाणारे आयोडीन-१३१ दर शंभर क्षयांत ८० हून अधिक वेळा ३६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण सोडते. आयोडीनच्या रुग्णाला दिवसेंदिवस वेगळ्या खोलीत ठेवण्याची प्रथा आणि ल्युटेशियमच्या रुग्णाला अनेक देशांत त्याच संध्याकाळी मिळणारी मोकळीक, यांतील अंतर बहुतांशी या दोन आकड्यांतच आहे.

उपचाराचा दिवस : औषधाची नेहमीची मात्रा ७.४ गिगाबेकरेल (२०० मिलिक्युरी) असते. आठ आठवड्यांच्या अंतराने ती चार वेळा शिरेतून दिली जाते. प्रत्येक वेळी औषधाच्या अर्धा तास आधी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे, प्रत्येकी २५ ग्रॅम असलेले द्रावण सुरू करतात व ते सुमारे चार तास चालू ठेवतात. मूत्रपिंडांनी गाळलेले पेप्टाइड तेथेच पुन्हा शोषले जाऊ नये, हा त्याचा हेतू. खुद्द औषध अर्ध्या तासात आत जाते. म्हणजे रुग्णाचा दिवसभराचा मुक्काम मुळात अमिनो आम्लांसाठी असतो, किरणोत्सर्गासाठी नव्हे.

पेशींना न चिकटलेले औषध लघवीवाटे वेगाने बाहेर पडते. औषधाच्या मान्यतापत्रातील माहितीनुसार पहिल्या ५ तासांत ४४ टक्के, २४ तासांत ५८ टक्के आणि ४८ तासांत ६५ टक्के भाग उत्सर्जित होतो. पहिली घसरण तीव्र आणि नंतरची संथ आहे. संथ भाग म्हणजे अर्बुद, मूत्रपिंडे, प्लीहा व यकृत यांत बसलेले औषध.

घरी सोडण्याचे निकष : आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशींत सर्वसामान्य व्यक्तीला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेवर वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. स्वेच्छेने शुश्रूषा करणाऱ्या प्रौढासाठी प्रत्येक उपचारामागे काही मिलिसिव्हर्टपर्यंत मुभा दिली जाते. अमेरिकेच्या नियमानुसार इतर कोणालाही ५ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळण्याची शक्यता नसेल तर रुग्णाला सोडता येते, आणि १ मिलिसिव्हर्ट ओलांडली जाण्याचा संभव असल्यास लेखी सूचना द्याव्या लागतात. जर्मनीत मात्र किमान ४८ तास रुग्णालयात ठेवण्याची पद्धत आहे. समस्थानिक तोच आणि शरीरेही तशीच. फरक आहे तो लघवी सार्वजनिक सांडपाण्यात किती लवकर सोडायची, याविषयीच्या धोरणाचा. निव्वळ बाह्य मात्रेचा विचार केला तर ४८ तासांचा आग्रह कडक वाटतो.

मोजमाप असे करतात. औषध संपताच, पहिल्या लघवीपूर्वी, रुग्णाला उभे करून बेंबीच्या पातळीवर एक मीटर अंतरावरून मापकाने मात्रा-दर घेतात. नंतर प्रत्येक वेळी लघवी झाल्यावर त्याच जागी, त्याच मापकाने पुन्हा नोंद करतात. खोलीतील मूळ किरणोत्सर्ग आधीच मोजून वजा करावा लागतो.

उदाहरणार्थ, औषध संपताना एक मीटरवर ताशी २५ मायक्रोसिव्हर्ट आणि सहा तासांनी १२ मायक्रोसिव्हर्ट अशी नोंद झाली, असे समजू. यापुढे संथ भागाचे परिणामी, म्हणजे क्षय आणि लघवीवाटे होणारी घट दोन्ही मिळून येणारे, अर्धायुष्य ६० तास धरले, तर औषध संपल्यापासून २४ तासांनी दर १० च्या जवळ आणि ४८ तासांनी सुमारे ७.५ येतो. वर दिलेल्या उत्सर्जनाच्या टक्केवारीशी हे जुळते. घरी गेल्यापासून सर्व काळ एक मीटरवर कोणी बसून राहिले, तर त्याची एकूण मात्रा १२ गुणिले ८७ तास, म्हणजे सुमारे १ मिलिसिव्हर्ट होईल (८७ हा अर्धायुष्याच्या १.४४ पट काढलेला सरासरी काळ). प्रत्यक्षात कोणी असे बसत नाही. दिवसाचा चौथा भाग सहवास धरला तर मात्रा पाव मिलिसिव्हर्टवर येते. हाच हिशेब औषध शरीरातून मुळीच बाहेर जात नाही असे गृहीत धरून, केवळ ६.६५ दिवसांच्या अर्धायुष्यावर केला, तर तो पावणेतीन पटींहून थोडा कमी फुगतो. काही केंद्रे खबरदारी म्हणून तसेच करतात.

एका अंथरुणावर झोपण्याचा हिशेब वेगळा पडतो. अर्ध्या मीटरवर दर चौपट धरून रोज आठ तास मोजले, तर एकूण मात्रा सुमारे १.४ मिलिसिव्हर्ट होते. शरीर बिंदूसारखे नसल्याने चौपट हा अंदाज काहीसा जास्तच आहे, पण चूक सुरक्षित बाजूला आहे. पाच रात्री वेगळे झोपल्यास उरलेली मात्रा ०.३५ वर येते, सात रात्रींनंतर ०.२ वर. म्हणून रुग्णाला दिलेल्या कागदावर ‘एक आठवडा वेगळे झोपा’ ही ओळ दिसते. लहान मुले व गर्भवती यांच्याबाबत ती अधिक काटेकोरपणे पाळली जाते. उरलेल्या सूचना नेहमीच्या आहेत : बसून लघवी करणे, दोनदा पाणी सोडणे, हात धुणे, आणि विमानतळावरील संवेदनशील मापके आठवडे उलटल्यावरही वाजू शकतात म्हणून उपचाराचे पत्र जवळ बाळगणे.

दर अपेक्षेप्रमाणे उतरला नाही तर : पाच-सहा तासांत दर निम्म्याच्या आसपास आला नाही, तर प्रथम मूत्राशय रिकामे झाले आहे का हे पाहावे. पुरुषस्थ ग्रंथी वाढलेल्या वृद्धाच्या बाबतीत कारण बहुधा तेवढेच असते. नसल्यास मूत्रपिंडांचे कार्य मंद असणे, यकृतात अर्बुदांचा भार फार मोठा असणे, किंवा औषध शिरेबाहेर हातात झिरपणे या शक्यता राहतात. झिरपलेले औषध कळण्याची सोपी खूण अशी की, मापक सुई टोचलेल्या जागेजवळ नेताच काटा उसळतो आणि दुसऱ्या हाताशी तुलना केली की शंका उरत नाही. अर्बुदभारामुळे दर जास्त असेल तर ते औषध योग्य जागी बसल्याचेच लक्षण आहे. रुग्णाला थांबवायचे की कडक सूचना देऊन सोडायचे, हे मग वरील हिशेब पुन्हा करून ठरते. अमिनो आम्लांमुळे उलटी होणे सर्रास आढळते. तीत किरणोत्सार थोडाच असतो, तरी ती दूषित समजूनच पुसली जाते.

लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाला नळी घालून दोन दिवस ठेवणे अनेकदा सोयीचे ठरते. अशा वेळी साठलेल्या पिशव्या व लंगोट क्षय होईपर्यंत ठेवावे लागतात, आणि येथे औषध कोणत्या मार्गाने बनवले हा प्रश्न पुढे येतो. ल्युटेशियम-१७६ वर थेट न्यूट्रॉनांचा मारा करून केलेल्या उत्पादनात ल्युटेशियम-१७७एम हा १६० दिवस अर्धायुष्याचा सोबती अल्प प्रमाणात, दहा हजारांत एक-दोन भाग, येतो. इटर्बियम-१७६ पासून इटर्बियम-१७७ मार्गे केलेल्या उत्पादनात तो जवळजवळ नसतो. रुग्णाला मिळणाऱ्या मात्रेत याने फरक पडत नाही. कचऱ्यात पडतो. १००० मेगाबेकरेल कचऱ्यात ०.२ मेगाबेकरेल १७७एम असेल, तर शंभर दिवसांनी मूळ ल्युटेशियम-१७७ सुमारे ०.०३ वर उतरलेले असते आणि १७७एम अजून ०.१३ वर असतो. दहा अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे ६७ दिवस थांबून पिशवी टाकण्याचा साधा नियम थेट मार्गाच्या औषधाला म्हणूनच लावता येत नाही. पिशवी टाकण्यापूर्वी ती मापकाखाली धरून पाहावी लागते.