गोळी बदलणं वेगळं, लोह भरणं वेगळं

हार्ट फेल्युअरची जुनी चिठ्ठी बहुतेक ठरलेली असायची: एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, एक बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवी वाढवणारी गोळी. गेल्या काही वर्षांत तिच्यात सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन आलं आणि काहींना शिरेतून लोह देण्याचा सल्लाही येऊ लागला. दोन्हींची ओळख 'नवीन उपचार' अशी एका दमात करून दिली जाते, म्हणून रुग्णाला वाटतं की ही एकाच कामाची दोन औषधं आहेत आणि एक मिळालं की दुसऱ्याची गरज नाही. खरं तर पहिलं जुन्या गोळीला बाजूला सारून तिची जागा घेतं, तर दुसरं कुणाचीच जागा घेत नाही. पहिलं द्यायचं की नाही हे मुख्यतः इकोवरून ठरतं, दुसरं रक्ताच्या तपासणीवरून.

आधी गोळी. हृदयावर ताण आला की ते स्वतःच काही संप्रेरकं सोडतं. ती रक्तवाहिन्या सैल करतात आणि जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर घालवतात. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम त्यांना तोडून टाकतं. सॅक्युबिट्रिल या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे शरीराचा स्वतःचा बचाव जास्त वेळ टिकतो. पण हेच एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ सुद्धा तोडतं, आणि ते तर रक्तवाहिन्या आवळणारं. नुसतं सॅक्युबिट्रिल दिलं तर तेही साचणार, म्हणून त्याचा परिणाम रोखणारं वाल्सार्टन त्याच गोळीत घातलं आहे.

मग जुनं एनालाप्रिल चालू ठेवून सॅक्युबिट्रिल का जोडलं नाही? कारण नेप्रिलायसिन ब्रॅडिकायनिन हे सूज आणणारं रसायनही तोडतं, आणि एनालाप्रिलच्या गटातली औषधं ज्या एन्झाइमला अडवतात ते एन्झाइमही ब्रॅडिकायनिन तोडतं. दोन्ही वाटा बंद झाल्या की ब्रॅडिकायनिन वाढतं आणि ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. ओमापॅट्रिलॅट या आधीच्या औषधात दोन्ही एन्झाइम एकदम अडवले जात होते. याच सुजेमुळे ते मागे पडलं. म्हणून आज नियम असा की एनालाप्रिलच्या शेवटच्या डोसानंतर ३६ तास थांबून मगच नवी गोळी सुरू करायची. माझ्या मते या सगळ्या बदलातली सर्वांत धोक्याची चूक इथेच होते: नवी गोळी आली, पण जुनं पाकीट घरातच राहिलं आणि दोन्ही घेतल्या गेल्या.

फायदा किती? २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत सुमारे ८,४०० रुग्ण होते, आणि तुलना खोट्या गोळीशी नव्हती, पूर्ण डोसातल्या एनालाप्रिलशी होती. सुमारे सव्वादोन वर्षांत हृदय किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांपैकी काहीतरी एनालाप्रिल घेणाऱ्या २६.५ टक्के रुग्णांच्या वाट्याला आलं, नव्या गोळीवर २१.८ टक्के. मृत्यूही कमी झाले. मात्र हे रुग्ण इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं तो इकोवरचा आकडा, ४० टक्के किंवा त्याखाली असलेले होते. ४५ टक्के आणि त्याहून जास्त असलेल्यांची पॅरागॉन-एचएफ चाचणी २०१९ मध्ये ठाम फायदा दाखवण्यात थोडक्यात हुकली. त्यातही फायद्याची चिन्हं दिसली ती मुख्यतः खालच्या टोकाच्या रुग्णांत. रक्तदाब आधीच फार कमी असेल, पोटॅशियम चढलेलं असेल, गर्भारपण असेल किंवा पूर्वी ओठ-घशाला वर सांगितलेली सूज आलेली असेल, तर ही गोळी नाही.

लोहाची गोष्ट निराळी, आणि तिथला गैरसमज जास्त चिवट आहे. लोह म्हणजे हिमोग्लोबिन, हिमोग्लोबिन चांगलं म्हणजे लोहाची गरज नाही, असं अनेकजण धरून चालतात. पण पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लोह लागतं. हृदयाच्या आणि पायांच्या स्नायूंना ते कमी पडलं की माणूस रक्त भरपूर असूनही थकतो. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोहाची कमतरता सापडते. २०१३ मध्ये आलेल्या रेड-एचएफ चाचणीत डार्बेपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारं इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन वाढवलं, तरी मृत्यू किंवा भरती कमी झाली नाही, उलट रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. त्याआधी २००९ च्या फेअर-एचएफमध्ये शिरेतून लोह दिल्यावर सहा महिन्यांनी निम्म्या रुग्णांनी 'बरंच बरं वाटतं' असं सांगितलं. खोटं औषध मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. ॲनिमिया नसलेल्यांनाही तसाच फरक पडला.

मग गोळ्या का नाहीत? लांबलेल्या दाहामुळे लोहाचं शोषण रोखणारं हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह आत येण्याची वाट अरुंद होते. २०१७ च्या चाचणीत १६ आठवडे लोहाच्या गोळ्या देऊनही व्यायामाची क्षमता वाढली नाही. अर्थात शिरेतल्या लोहालाही मर्यादा आहे. २०२३ च्या हार्ट-एफआयडीमध्ये तीन हजारांवर रुग्ण होते, तरी मृत्यू, भरती आणि चालण्याची क्षमता यांच्या एकत्रित मोजमापात ठाम फरक सिद्ध झाला नाही. बरं वाटणं आणि चालणं यांसाठी लोह द्यावं, भरती टळण्याची आशाही धरावी. आयुष्य वाढेल असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

आता एक कल्पित रुग्ण घेऊ. ६२ वर्षांची बाई, वजन ५८ किलो, इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के, रक्तदाब ११२/७०, एनालाप्रिल ५ मिलिग्रॅम दोनदा. जिना चढताना धाप लागते. हिमोग्लोबिन १२.४. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १४०. रक्तातून लोह वाहणाऱ्या प्रथिनावर प्रत्यक्ष किती लोह आहे ते सांगणारं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १४ टक्के. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनसमोर कोणतीही खूण नाही, कारण ते 'नॉर्मल' आहे. पण दाहात फेरिटिन फुगतं, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि सोबत सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली, अशी कमतरतेची व्याख्या वापरतात. या बाईंना कमतरता आहे. दोन आकड्यांत सॅच्युरेशनवर भर द्यावा असं चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसू लागलं आहे. फेरिटिन कमी पण सॅच्युरेशन चांगलं, अशांना फायदा फारसा दिसत नाही.

सोमवारी रात्री आठला एनालाप्रिलचा शेवटचा डोस, मंगळवार रिकामा, बुधवारी सकाळी आठला नव्या गोळीची सर्वांत कमी मात्रा, म्हणजे ५० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. एक-दोन आठवड्यांत रक्तदाब, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायचं; सोसलं तर दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा दुप्पट करत २०० पर्यंत जायचं. उठताना चक्कर आली तर आधी लघवीची गोळी गरजेपेक्षा जास्त होतेय का ते बघायचं. पुढे कधी बीएनपी, म्हणजे हृदय सोडतं त्या संप्रेरकांपैकीच एक, तपासलं आणि ते वाढलेलं दिसलं तर घाबरायचं नाही: गोळी त्याचंच विघटन थांबवते. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी तपासावं, ते नेप्रिलायसिन तोडत नाही.

लोह त्याच आठवड्यात देता येतं, कारण दोघांचं एकमेकांत काही अडत नाही. या वजनाला आणि हिमोग्लोबिनला फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १,००० मिलिग्रॅम एका बैठकीत पुरतं. नंतर अर्धा तास नजर ठेवतात, कारण क्वचित ॲलर्जी होते. काहींत फॉस्फेट उतरतं. वारंवार डोस लागणाऱ्यांत ते तपासायला हवं. पहिल्या चार आठवड्यांत फेरिटिन मोजण्यात अर्थ नसतो, ते खोटं उंच येतं. तीन महिन्यांच्या सुमारास मोजावं. आणि लोह गेलं कुठे हेही शोधावं: ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटातून थोडं थोडं रक्त झिरपत असू शकतं, आणि तसं असेल तर काही महिन्यांत सॅच्युरेशन पुन्हा खाली येऊ शकतं.