दांड्या फुल्ल, डाउनलोड ढिम्म

प्रतापनगरला बहिणीच्या फ्लॅटमध्ये भाच्याचा जुना पीएस४ ५० जीबीचा गेम उतरवत होता. प्लॅन १०० एमबीपीएसचा, वायफायच्या दांड्या पूर्ण, तरी उरलेला वेळ आठ तास. "मामा, हे तं सरकूनच नाही राहिलं!"

प्लॅनचा वेग मोजतात बिटांत, गेम मोजतात बाइटमध्ये, आणि एका बाइटचे आठ बिट. पूर्ण १०० मिळाले असते, तर तासा-सव्वातासात काम झालं असतं. कन्सोलच्या इंटरनेट टेस्टमध्ये दिसले १४. आठ तासांचं गणित तिथलं.

मग बाकीचे ८६ गेले कुठे? दांड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा आवाज किती मोठ्याने ऐकू येतो. त्याच हवेत आणखी कोण बोलतंय, हे त्या सांगत नाहीत. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीचे शांततेची वाट बघत थांबतात. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा पाठवावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फ्लॅट स्कीममध्ये वर-खाली, आजूबाजूला दहा-बारा राउटर असले, की हे तीन सगळ्यांनी वाटून घ्यायचे. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. रात्री नऊला रांगणारं डाउनलोड पहाटे तीनला धावलं, तर बहुधा गर्दीच नडते आहे.

५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल बरेच जास्त आणि रुंदही. गंमत म्हणजे त्याचा दुबळेपणाच कामी येतो: भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो, म्हणून शेजाऱ्यांचा गोंगाट आपल्यापर्यंत फारसा पोचत नाही. राउटर त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल, तर आधी हाच पट्टा निवडावा. दोन-तीन विटांच्या भिंती असल्या तर आशा कमी. आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक अडथळा: खोलीतला कूलर. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. राउटर आणि कन्सोलच्या मधोमध तो नसलेला बरा.

भाच्याच्या कन्सोलवरच्या वायफायच्या यादीत मात्र ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसेचना. राउटर ठीक होता. २०१३च्या मूळ पीएस४ला तो पट्टा कळतच नाही. स्लिम आणि प्रोला कळतो. मग दाराखालून पंधरा मीटरची कॅट ५ई केबल ओढली. केबलमध्ये ना शेजारी, ना ताटकळणं. टेस्टमध्ये ९४ आले. प्लॅनच १५ एमबीपीएसचा असता, तर केबलने काहीच वाढलं नसतं.

प्लॅन २००चा असूनही केबलवर आकडा ९४-९५लाच अडला, तर केबलवर संशय घ्यावा. १००च्या वरच्या गिगाबिट वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली की जोडणी बऱ्याचदा गुपचूप १००वर उतरते. केबल धड निघाली, तर राउटरची पोर्ट तपासा. स्वस्त राउटरमध्ये ती मुळात १००चीच असते.