स्लॅबमधील सळयांचे वजन (व्यासवर्ग सूत्र)

स्लॅबमध्ये घालायच्या पोलादी सळयांचे वजन प्रत्यक्ष न तोलता, त्यांचा व्यास, अंतर आणि लांबी यांवरून काढण्याच्या रीतीत एक छोटे सूत्र वापरले जाते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला १६२ ने भागावे, म्हणजे एक मीटर लांबीच्या सळईचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते.

वजन (किलो प्रति मीटर) = व्यास² ÷ १६२

१६२ हा आकडा पोलादाच्या घनतेतून आला आहे. भारतीय मानकांत ही घनता घनमीटरला ७८५० किलो धरली जाते, म्हणजेच एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादाचे वजन ०.००७८५ किलो भरते. गोल छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या ०.७८५४ पट असते. या दोन संख्यांचा गुणाकार सुमारे ०.००६१६५ येतो आणि एकाला त्याने भागले की १६२.२ मिळतात. त्यातील दशांश सोडून १६२ घेतल्याने पडणारा फरक हजारात एक-सव्वा इतकाच असल्यामुळे बांधकामाच्या हिशेबात तो मोजला जात नाही. या सूत्राप्रमाणे ८ मिमी सळई मीटरला ०.३९५ किलो, १० मिमी ०.६१७ किलो, १२ मिमी ०.८८९ किलो आणि १६ मिमी १.५८ किलो भरते. लांबी फुटांत असेल तर भाजक सुमारे ५३२ होतो. व्यवहारात ५३३ रूढ आहे.

सूत्रात चूक होण्याची शक्यता फारच थोडी असते. हिशेब बिघडतो तो सळयांची संख्या आणि प्रत्येक सळईची कापण्याची लांबी ठरवताना. म्हणून एका स्लॅबचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहणे उपयोगी ठरते.

जुळे सोलापूर भागात भिंतींवर आधारलेल्या घरांत सर्रास आढळेल अशी एक खोली घेऊ. आतील माप ३.०० मीटर गुणिले ६.५० मीटर, चहूबाजूंच्या भिंती २३० मिमी जाडीच्या आणि स्लॅबची जाडी १२५ मिमी आहे. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असल्याने हा एकदिशा स्लॅब आहे. त्याचा भार आखूड बाजूने भिंतींवर जातो आणि मुख्य सळया त्याच दिशेने टाकल्या जातात. नकाशात मुख्य सळई १० मिमीची दर १५० मिमीवर आणि तिला आडवी जाणारी वितरण सळई ८ मिमीची दर २०० मिमीवर दाखवली आहे, तर सळईबाहेरील काँक्रीटचा थर म्हणजे कव्हर २० मिमी आहे. स्लॅब भिंतींच्या बाहेरील कडेपर्यंत जात असल्याने त्याचे पूर्ण माप ३.४६ मीटर गुणिले ६.९६ मीटर होते.

मुख्य सळईची सरळ लांबी ३.४६ मधून दोन्ही टोकांचे कव्हर वजा करून ३.४२ मीटर येते. प्रत्येक मुख्य सळई एका टोकाला वर उचलून क्रँक केलेली आहे, एक या भिंतीकडे तर शेजारची त्या भिंतीकडे. तिरक्या भागामुळे लांबी थोडी वाढते. सळई ४५ अंशांत वळवली असता ही वाढ उचललेल्या उंचीच्या ०.४२ पट असते. येथे उंची म्हणजे १२५ मधून वरचे आणि खालचे कव्हर आणि सळईचा एक व्यास वजा करून उरणारे ७५ मिमी. म्हणून वाढ सुमारे ३० मिमी आणि कापण्याची लांबी ३.४५ मीटर.

आता संख्या काढू. या सळया स्लॅबच्या लांब बाजूवर मांडल्या जातात, आणि ती बाजू कव्हर वजा जाता ६.९२ मीटर आहे. तिला ०.१५ ने भागले की ४६.१३ येतात. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. नकाशातील अंतर हे कमाल अंतर असल्याने अपूर्णांक कितीही लहान असला तरी दोन सळयांमधील गाळे ४७ धरावे लागतात. ४६ धरले तर प्रत्येक गाळा १५० मिमीहून थोडा मोठा होईल. दुसरे असे की गाळ्यांपेक्षा सळया नेहमी एकाने जास्त असतात. म्हणून मुख्य सळया ४८ होतात, त्यांची एकूण लांबी १६५.६ मीटर आणि वजन १०२.२ किलो.

वितरण सळया याच रीतीने ३.४२ मीटर रुंदीवर मोजल्या की १८ गाळे आणि १९ सळया येतात, आणि प्रत्येकीची लांबी ६.९२ मीटर असते. बरेच हिशेब येथेच थांबतात आणि तेथेच कमी पडतात. क्रँक केलेल्या सळयांचे वरचे टोक भिंतीवरून सुमारे ३० सेंटिमीटर आत येते. हा भाग जागेवर राहण्यासाठी आणि वरच्या बाजूला तडे न जाण्यासाठी तेथेही आडव्या सळया लागतात, आणि त्या खालच्या १९ मध्ये मोजलेल्या नसतात. प्रत्येक बाजूला तीन धरल्यास आणखी ६ सळया होतात. त्यामुळे ८ मिमीच्या सळया २५, त्यांची लांबी १७३ मीटर आणि वजन ६८.३ किलो. या सहा सळयांचे वजन अवघे १६.४ किलो असले तरी त्या राहून गेल्या तर वरच्या सळयांना आधार राहत नाही आणि काँक्रीट ओतताना माणसांच्या पायांखाली त्या खाली दबतात. वर असायला हवे असलेले पोलाद मग स्लॅबच्या मधल्या जाडीत जाऊन बसते आणि तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एकूण वजन १७०.५ किलो भरते. या आकड्याची पडताळणी वेगळ्या मार्गाने करता येते. सूत्राला अंतरानेही भागले, म्हणजे व्यासवर्गाला १६२ आणि मीटरमधील अंतर यांच्या गुणाकाराने भागले, की एका चौरस मीटरमधील वजन मिळते. मुख्य सळयांचे ४.११ किलो आणि वितरण सळयांचे १.९८ किलो मिळून ६.०९ किलो. स्लॅबचे क्षेत्रफळ २४.०८ चौरस मीटर असल्याने जाळीचे वजन सुमारे १४७ किलो येते, आणि वरच्या सहा सळया मिळवल्या की १६३ किलो. तपशीलवार हिशेब याहून सात-आठ किलोंनी जास्त येतो, कारण कडेची जादा सळई आणि पूर्ण केलेला गाळा क्षेत्रफळाच्या रीतीत धरला जात नाही. दोन्ही आकड्यांत वीस-पंचवीस किलोंचा फरक दिसला तर एखादी ओळ सुटली आहे किंवा दुप्पट धरली गेली आहे, असे समजून मोजणी पुन्हा पाहावी.

हे १७०.५ किलो स्लॅबमध्ये बसणाऱ्या पोलादाचे वजन आहे; विकत घ्यायचे वजन वेगळे असते. सळया सहसा १२ मीटर लांबीच्या येतात. एका सळईतून ३.४५ मीटरचे तीन तुकडे निघतात आणि १.६५ मीटर उरतात. ४८ तुकड्यांसाठी १० मिमीच्या १६ सळया, म्हणजे ११८.५ किलो लागतात. उरलेल्या तुकड्यांतून वरच्या सळयांना आधार देणाऱ्या चेअर करता येतात. ८ मिमीच्या बाबतीत कापणीचा विचार जास्त करावा लागतो, कारण १२ मीटरमधून ६.९२ मीटरचा एकच तुकडा निघतो आणि ५.०८ मीटर उरतात. २५ तुकड्यांसाठी २५ सळया आणल्या तर तितकेच, ११८.५ किलो पोलाद आणावे लागेल आणि त्यातील चाळीस टक्क्यांहून जास्त तुकड्यांच्या रूपाने पडून राहील.

त्याऐवजी उरलेला ५.०८ मीटरचा तुकडा २.३० मीटरच्या तुकड्याशी जोडता येतो. एफई ५०० प्रतीची सळई आणि एम २० प्रतीचे काँक्रीट असेल तर जोडाची लांबी व्यासाच्या सुमारे ५७ पट, म्हणजे ८ मिमीसाठी ४६ सेंटिमीटर धरावी लागते; दोन्ही तुकड्यांची बेरीज ७.३८ मधून ती वजा केली की बरोबर ६.९२ मीटर मिळतात. १३ सळया अखंड आणि १२ जोडाच्या ठेवल्या तर १६ सळयांत, ७६ किलोत काम होते. जोडांमुळे स्लॅबमधील वजन मात्र सुमारे २.२ किलोंनी वाढते, आणि ही वाढ बिलात दाखवणे रास्त आहे. सगळे जोड एका रेषेत येऊ नयेत म्हणून शेजारच्या सळया उलटसुलट टाकाव्या लागतात. बांधायची तार या हिशेबात येत नाही. ती टनामागे सुमारे ८ ते १० किलो वेगळी धरतात.

सूत्राला लागणारा व्यास हा नाममात्र व्यास आहे. टॉर सळईवरील उभारांवर कॅलिपर लावून घेतलेले माप त्याहून मोठे येते आणि ते सूत्रात घालणे चुकीचे असते. खरा व्यास पाहण्याची खात्रीची रीत म्हणजे एक मीटरचा नीट कापलेला तुकडा तोलणे, किलोग्रॅममधील वजनाला १६२ ने गुणणे आणि त्याचे वर्गमूळ घेणे. भारतीय मानक १७८६ प्रमाणे १० मिमीपर्यंतच्या सळयांच्या खेपेच्या वजनात ७ टक्के, १० ते १६ मिमीमध्ये ५ टक्के आणि त्यापुढे ३ टक्के कमी-जास्त चालते. एकेका नमुन्यासाठी खालची मर्यादा याहून एक टक्क्याने सैल आहे. म्हणून १० मिमीचा एक मीटर तुकडा ६१७ ग्रॅमऐवजी ५६८ ग्रॅमहून कमी भरला तर तो मर्यादेबाहेरचा आहे.

सोलापुरातील जुने फिटर अजून सुतांत बोलतात: ८ मिमी म्हणजे अडीच सूत, १० मिमी म्हणजे तीन सूत, १२ मिमी म्हणजे चार सूत. बोलीत हे चालते, पण हिशेबात ही मापे एक नाहीत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, त्यामुळे खरे तीन सूत ९.५२ मिमी होतात आणि खरे चार सूत १२.७ मिमी. वजन व्यासाच्या वर्गाने बदलत असल्याने पावणेपाच टक्क्यांनी बारीक सळई सव्वानऊ टक्क्यांनी हलकी होते. खरोखर तीन सुतांची सळई मीटरला ५६० ग्रॅम भरेल आणि १० मिमी म्हणून ती नाकारावी लागेल.

हलक्या सळईचा तोटा कोणाला होतो हे खरेदीच्या रीतीवर अवलंबून असते. काट्यावर तोलून घेतलेल्या मालात पैसे वजनाचेच जातात आणि लांबी उलट जास्त मिळते. पण स्लॅबमध्ये सळया संख्येनुसार बसतात, म्हणून त्यातील पोलादाचे क्षेत्रफळ कमी होते. नगावर घेतलेल्या मालात पैसे आणि ताकद दोन्हींत तूट येते. कंत्राटदाराचे बिल नकाशातील लांबीवरून सूत्राने काढले जात असेल आणि माल हलका असेल, तर न बसवलेल्या पोलादाचे पैसे मालक देतो. यासाठी काँक्रीट ओतण्यापूर्वी खेपेतील काही तुकडे तोलावेत आणि जाळीतील अंतर एका गाळ्यावर न पाहता सलग दहा गाळ्यांवर टेप लावून पाहावे. मुख्य सळयांचे ते माप १.५० मीटरपेक्षा जास्त भरू नये.