ऋणनिर्देश की संदर्भ? प्रबंध सादर करण्याआधी कोणाचं नाव कुठे घालायचं

कसोटी एकच: वाचकाला ती गोष्ट स्वतः शोधून वाचता येते का? येत असेल, तर संदर्भ. येत नसेल, पण मदत खरी असेल, तर ऋणनिर्देश.

उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी कोकणातल्या खारजमिनींजवळच्या विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करते आहे. तिच्या सीनियरने चाळीस विहिरींची अप्रकाशित क्षारता-मोजणी एक्सेल फाइलमध्ये दिली. ती तिने तक्ता ३ मध्ये वापरली आणि शेवटी ‘मोलाचे सहकार्य’ म्हणून आभार मानले. एवढं पुरत नाही. तक्ता वाचणाऱ्याला हे आकडे तिचे नाहीत हे तिथेच कळलं पाहिजे. म्हणून तक्त्याखाली सीनियरचं नाव, ‘वैयक्तिक संपर्क’ आणि तारीख हवी. एपीए पद्धतीत अशी नोंद संदर्भसूचीत जात नाही, कारण वाचकाला ती मिळवता येत नाही. सीनियरने तीच फाइल रिपॉझिटरीत टाकून डीओआय घेतला, तर मात्र रीतसर संदर्भ देता येतो. माझा सल्ला हाच: आधी डीओआय घ्यायला सांगा, निम्मा घोळ मिटतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत साम्य-तपासणीतून ऋणनिर्देशाचं पान वगळलं आहे. पण आभार मानले म्हणून आत उचललेला मजकूर माफ होत नाही.

मार्गदर्शकांनी बोलताना सुचवलेली दिशा ऋणनिर्देशात जाते. त्यांच्या छापील लेखातली पद्धत वापरली असेल, तर त्या लेखाचा संदर्भही द्यावा लागतो. ‘सर आपलेच’ म्हणून तो गाळू नका. शोधनिबंधात ते सहलेखक असतील, तर पुन्हा आभार मानायचे नाहीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती, म्हणजे आयसीएमजेई, नुसती सर्वसाधारण देखरेख किंवा निधी मिळवून देणं लेखक ठरायला पुरेसं मानत नाही.

चहाच्या टपरीवर सहकाऱ्याने ‘भरती-ओहोटीच्या वेळा लावून बघ’ म्हटलं आणि त्यातून एक प्रकरण उभं राहिलं, तर ‘उपयुक्त चर्चेबद्दल’ असं मोघम लिहू नका. कोणती कल्पना कोणाची ते सांगा. मात्र त्याने विश्लेषणही केलं आणि मसुदाही लिहिला, तर शोधनिबंधात तो सहलेखक म्हणून विचारात घ्यायला हवा, आणि हे बोलणं लेख पाठवण्याआधी व्हायला हवं.

निधी देणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक मंजुरीपत्रावरून अक्षर न् अक्षर उतरवा. विद्यार्थिनीची फेलोशिप आणि गाइडचा प्रकल्प यांचे क्रमांक वेगळे असतात, आणि नेमकी इथेच गल्लत होते.

जवळ ठेवायचे कागद: मंजुरीपत्राची प्रत, आकडे वापरायला परवानगी देणारा ईमेल, आणि ज्यांचं नाव घेताय त्यांची लेखी संमती. नाव छापलं की निष्कर्षांना त्यांचा पाठिंबा आहे असं वाचक धरून चालतो, म्हणून आयसीएमजेईही ही संमती घ्यायला सांगते. त्या सीनियरला निष्कर्ष पटत नसतील, तर तिला ते आधीच सांगता आलं पाहिजे.