पाती तिरपी असली म्हणजे पाऊस आत येत नाही?

“लूव्हरची पाती ४५ अंशांत तिरपी असली की पाऊस आत येत नाही.”

लूव्हर म्हणजे पंख्याने बाहेरची हवा आत ओढण्यासाठी भिंतीत बसवलेली पात्यांची चौकट. पंखा बंद असताना आणि पाऊस सरळ पडताना हे विधान बरेचसे खरे असते. पण पंखा चालू झाला की वेगवान हवा थेंबांनाही ओढून नेते. इमारतीची यंत्रे असलेल्या प्लांट रूमला सेकंदाला ५ घनमीटर हवा हवी आणि लूव्हर २ चौरस मीटरचा असेल, तर दर्शनी वेग, म्हणजे लूव्हरच्या पूर्ण क्षेत्रफळावर काढलेला वेग, सेकंदाला २.५ मीटर येतो. मात्र पात्यांमधली मोकळी जागा निम्मीच असल्याने पात्यांमधून हवा सेकंदाला ५ मीटरने धावते. साध्या लूव्हरला हा वेग सहसा झेपत नाही. लूव्हर ४ चौरस मीटरचा केला, तर दोन्ही वेग निम्मे होतात.

उत्पादकाच्या चाचणी-तक्त्यात आपल्या दर्शनी वेगासमोरचा वर्ग पाहावा. ‘अ’ वर्ग म्हणजे ताशी ७५ मिलिमीटर पाऊस आणि सेकंदाला १३ मीटर वारा असताना किमान ९९ टक्के पाणी अडले. शंभर नव्हे, म्हणून मागे उतार आणि निचरा लागतोच.