नाण्यावरचा हिरवा डाग कोणता?

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत समया, ताम्हणे, पंचपात्र्या चिंचेच्या कोळाने लख्ख होतात. ताम्हण जाड असते, दरवर्षी थोडे झिजले तरी पुढची पिढी ते वापरते. पंचाईत होते ती त्याच बैठकीत पेटाऱ्यातली जुनी पोर्तुगीज नाणीही कोळात पडतात तेव्हा.

तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर म्हणजे बाहेरून बसलेला मळ नव्हे. नाण्याच्याच पृष्ठभागावरच्या तांब्याचे हवेशी संयोग होऊन ते संयुग झालेले असते. राजाच्या केसांच्या बटा, अक्षरांच्या कडा हे बारकावे त्याच थरात टिकलेले असतात. आम्लाने तो थर विरघळतो आणि खालून गुलाबीसर, निर्जीव दिसणारे तांबे उघडे पडते. तो रंग नैसर्गिक नाही हे जाणकार संग्राहकाला हात न लावता कळते, आणि किंमत तिथेच पडते. चिंचेत किंवा लिंबात मीठ घातले असेल तर आणखी वाईट, कारण मिठातले क्लोराइड हेच तांब्याचे खरे दुखणे आहे.

फोंड्याकडच्या एका घरातला पाव टांगा, म्हणजे असेच एक जुने पोर्तुगीज नाणे, उदाहरणाला घेऊ. 1901 सालचा, 15 रेइसचा, राजा कार्लुश पहिला याचा मुखवटा असलेला, कांस्याचा. नाणे एकंदरीत छान तपकिरी, पण तीन ठिकाणी हिरवे. मानेमागे गुळगुळीत गडद हिरवा पट्टा, अक्षरांच्या खोबणीत चिकट हिरवट लेप, आणि सालाच्या आकड्यांजवळ फिकट, पिठासारखा ठिपका. घरच्यांच्या लेखी तिन्ही कळंकच. रसायनाच्या दृष्टीने ही तीन वेगळी प्रकरणे आहेत आणि तिघांना तीन वेगळे उपाय आहेत.

ओळखायला दहापट भिंग, बाजूने पडणारा उजेड आणि लाकडी दातकोरणी पुरते. धातूची सुई नको. दातकोरणीच्या टोकाने डागाला अगदी हलके टोचायचे. मानेमागचा पट्टा ढिम्म हलला नाही. तो तांब्याचा स्थिर कार्बोनेट, धातूला घट्ट धरून बसलेला. त्याला काहीही करायचे नाही. तो वाढत नाही, खालच्या धातूला खात नाही, आणि खरवडला तर खाली खड्डाच निघतो. नाण्याला साफ करण्यातली निम्मी अक्कल ही न करण्यातच आहे, असे माझे मत.

अक्षरांमधला लेप दातकोरणीला चिकटून ओढला गेला. हे पाप अल्बमचे. नाणी ठेवायच्या मऊ, लवचिक, नव्याच्या वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत बहुधा पीव्हीसी असते. दमट उष्ण हवेत त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर पाझरतो, आणि प्लास्टिक जुने होताना क्लोराइडयुक्त आम्लही सुटते. तांबे त्यात विरघळते म्हणून लेप हिरवा. यावर शुद्ध ॲसिटोन चालते. नखांचे पॉलिश काढायचे द्रव मात्र नको, त्यात तेल, रंग, सुगंध असतात. ॲसिटोन रसायनांच्या दुकानातून आणावे. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके ओतून, वर काचेचे झाकण ठेवून दोन-तीन तास ठेवायचे, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा. घासायचे नाही. खिडक्या उघड्या, आणि देव्हाऱ्यातली निरांजन किंवा गॅस जवळपास पेटलेला नको, कारण याची वाफ भडकते. ॲसिटोन तांब्याला किंवा त्यावरच्या तपकिरी थराला हात लावत नाही, म्हणूनच संग्राहक त्याच्यावर विसंबतात. लेपाखाली धातू आधीच खाल्ला गेला असेल तर ती जागा खरबरीत राहील, ती भरून येत नाही.

आता आकड्यांजवळचा तो फिकट ठिपका. दातकोरणी लागताच त्याची पूड पडली आणि खाली बारीक खळगा दिसला. यालाच कांस्यरोग म्हणतात. समुद्राची हवा, घामाचे बोट किंवा मिठाची चिंच यांतून आलेले क्लोराइड तांब्याशी मिळून मेणासारखे करडे क्युप्रस क्लोराइड थराच्या आत धातूला लागून बसते. कोरड्या जागी ते वर्षानुवर्षे गप्प असते. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची फिकट हिरवी पूड होते, आणि त्याच क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल पुढचे तांबे खाते, त्यातून नवे क्लोराइड तयार होते, आणि चक्र चालू राहते. हवेतली आर्द्रता साधारण 40 टक्क्यांच्या खाली असेल तर हे चक्र थांबते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 80 च्या वरच घुटमळते. त्यामुळे आजार लपायला इथे जागाच नाही, फक्त श्रावणात नाणी बाहेर काढून बघायची.

उपाय कष्टाचा आणि अपुरा आहे. भिंगाखाली दातकोरणीने पूड उचलायची, मग नाणे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचे. नळाचे नको, त्यात क्लोरीन असते, आणि किनाऱ्याकडच्या विहिरींना खारेपणा असतोच. पाणी आधी रोज, मग आठवड्याने बदलायचे. क्लोराइड निघते आहे का, हे आरओ फिल्टरबरोबर मिळणाऱ्या टीडीएस मीटरने समजते. बदलताना पाण्याचा आकडा पहिल्यापेक्षा चढलेला असेल तर क्षार अजून सुटताहेत, वाढायचा थांबला की पुरे. नंतर ॲसिटोनमध्ये बुचकळून पाणी काढायचे आणि टेबलदिव्याखाली सुकवायचे. पाण्याने थराचा रंग थोडा गडद होऊ शकतो, आणि धातूत खोलवर बसलेले क्लोराइड पूर्ण निघेलच असे नाही. बेंझोट्रायझोलसारखी रसायने हा आजार रोखतात, पण ती प्रकृतीला घातक आहेत, त्यामुळे किमती नाण्यासाठी ते काम प्रशिक्षित संवर्धकाकडेच जावे.

चांदीच्या रुप्यावर मात्र वेगळा न्याय. तिचा काळपटपणा सल्फाइडचा आहे, तो पातळ असताना पिवळसर, तांबूस, निळसर दिसतो आणि अनेक संग्राहक तो रंग मुद्दाम शोधतात. नव्या रुप्यावर ठशाच्या दाबाने धातू बाहेर सरकल्याच्या सूक्ष्म रेषा असतात. नाणे दिव्याखाली कलते करून फिरवले की उजेडाचा पट्टा चक्राच्या आरीसारखा फिरतो, तो त्या रेषांमुळे. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात सल्फाइडमधली चांदी परत मिळते खरी, पण ती सच्छिद्र, निस्तेज रूपात बसते, जुन्या जागी जात नाही. टूथपेस्टचे कण तर रेषाच कापतात. लक्ष्मीपूजनाच्या रुप्यांवर हळदकुंकू नि पंचामृताचे थर असतील तर डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोन, एवढेच. घरच्या कुंकवाच्या करंड्याला मात्र हा सोवळेपणा लागू नाही. तो वापरायचा आहे, त्यामुळे बारीक चाळलेल्या खडूची पूड पाण्यात कालवून मऊ कापडाने हळू पुसायला हरकत नाही. फक्त कोरीव कामाच्या खोबणीतला काळा राहू द्यावा, नाहीतर नक्षी सपाट दिसते.

त्या पाव टांग्याची सालाजवळची पूड निघाली, खळगा राहिला. आता तो बाकीच्या नाण्यांपासून वेगळा, मऊ पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, हवाबंद काचेच्या बरणीत आहे. तळाशी सिलिका जेल आणि शेजारी आर्द्रता दाखवणारी तबकडी. जेलचा रंग बदलला किंवा काटा 40 च्या वर चढला की जेल ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा भरायचे. पावसात ते काम वरचेवर येते.