करार फसवून घेतला, पण मुदत कधीपासून मोजायची?

कपट करून, धाक दाखवून किंवा खोटी माहिती देऊन सही घेतली असेल, तर तो करार रद्द करता येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. रद्द करायला मुदत किती, आणि ती मोजायची सही झाली त्या दिवसापासून, की खरं कळलं त्या दिवसापासून? आज आपल्याला दुसरं उत्तर स्वाभाविक वाटतं. पण कायदा तिथे सरळ वाटेने पोचलेला नाही.

रोमन वक्ता आणि वकील सिसेरोने सांगितलेला एक जुना व्यवहार इथे समोर ठेवण्यासारखा आहे. कानियस नावाचा रोमन गृहस्थ सिराक्यूजला विश्रांतीसाठी गेला. तिथे एखादी बाग विकत घ्यावी असं त्याने बोलून दाखवलं. पिथियस नावाच्या सावकाराने ‘बाग विकायची नाही, पण तुझीच समज’ म्हणत त्याला जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी त्याने कोळ्यांना गाठून उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा, असं सांगून ठेवलं. कानियस आला तेव्हा समोर होड्यांची गर्दी होती आणि जो तो आपली मासळी पिथियसच्या पायाशी आणून ओतत होता. ‘सगळ्या सिराक्यूजची मासळी इथेच मिळते,’ असं त्याला सांगण्यात आलं. पिथियसने सांगितली ती किंमत मान्य करून कानियसने सामानसुमानासकट बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला तर एकही होडी नाही. आज कोळ्यांचा सण आहे का, असं त्याने शेजाऱ्याला विचारलं. शेजारी म्हणाला, सण नाही. इथे कोणी मासे धरतच नाही, म्हणून कालच मला नवल वाटलं.

यावर कानियसला काहीच करता आलं नाही. व्यवहार पुरा झाला होता, किंमत ठरलेली होती, आणि जुन्या रोमन कायद्याला तेवढं पुरेसं होतं. धाकदपटशाने झालेल्या व्यवहारांविरुद्ध इ.स.पू. 80 च्या सुमारास ऑक्टेवियस या प्रेटरने, म्हणजे न्यायदान पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने, दाद उघडली होती. कपटाविरुद्धची दाद इ.स.पू. 66 च्या सुमारास सिसेरोचा सहकारी अक्विलियस गॅलस याने तयार केली. बळजबरीचा विचार आधी झाला आणि कपटाचा नंतर, याचं कारण मला उघड वाटतं: बळजबरी डोळ्यांना दिसते, कपट सिद्ध करावं लागतं.

या नव्या दाव्यांना मुदतही चिकटलेली होती. कपटाच्या दाव्याला एक वर्ष मिळे, आणि ते मोजताना दावा लावणं शक्यच नव्हतं असे दिवस धरत नसत. म्हणजे फसलेल्या माणसाची अडचण हिशेबात घेतली जाई. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने 319 साली हे बदललं. त्याने मुदत सलग दोन वर्षांची केली, आणि स्पष्ट लिहिलं की ती कपट कळल्याचं कोणी सांगेल त्या दिवसापासून नव्हे, तर कपट घडलं त्या दिवसापासून मोजायची. वर्षं दुप्पट झाली, पण फसलेल्याचा हात मात्र तोकडा पडला. कानियसला लबाडी दुसऱ्याच दिवशी कळली म्हणून त्याला हे चाललं असतं. ज्याला तिसऱ्या वर्षी कळलं त्याचा दावा जन्मायच्या आधीच मेला. कॉन्स्टंटाइनची भीतीही खोटी नव्हती: ‘मला आत्ता कळलं’ असं कोणीही कधीही म्हणू शकतो.

1804 च्या फ्रेंच नागरी संहितेने पुन्हा दुसरी बाजू धरली. मुदत दहा वर्षं दिली, आणि सुरुवात कपटात ते उघड झाल्यापासून, बळजबरीत ती थांबल्यापासून. धाक डोक्यावर असेपर्यंत माणूस मोकळेपणाने तक्रार करू शकत नाही, हे इथे कायद्यात लिहिलं गेलं. 1900 साली लागू झालेल्या जर्मन संहितेने दोन्ही भीतींवर उपाय काढला. कळल्यापासून किंवा धाक संपल्यापासून फक्त एक वर्ष, पण त्याशिवाय करार झाल्यापासूनची एक बाहेरची हद्द. ती आधी तीस वर्षं होती, 2002 पासून दहा वर्षं आहे.

भारतात 1872 च्या करार कायद्याचं कलम 19 असा करार आपोआप रद्द मानत नाही. तो ठेवायचा की मोडायचा, हे ज्याची संमती अशी मिळवली त्याने ठरवायचं. 1963 च्या मुदत कायद्यातलं अनुच्छेद 59 दस्त रद्द करून घेण्यासाठी तीन वर्षं देतं, आणि ती रद्द करण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती पहिल्यांदा कळल्यापासून धावतात. त्याच मुदत कायद्याचं कलम 17 त्यात एक अट घालतं: कपट प्रत्यक्ष कळलं तो दिवस, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर कळलं असतं तो दिवस. हातातली कागदपत्रं न उघडणाऱ्याला हा दुसरा दिवस महागात पडतो. शिवाय या अनुच्छेदात धाक संपण्याचा वेगळा उल्लेख नाही. धाक ज्याला दाखवला त्याला वस्तुस्थिती सहीच्या दिवशीच माहीत असते, म्हणून बळजबरीच्या प्रकरणात थांबणं जास्त धोक्याचं.

आणि कायद्याने दिलेली वर्षं शिल्लक असतानाही हक्क हातचा जाऊ शकतो. याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण ‘अटलांटिक बॅरन’ या तेलवाहू जहाजाचं आहे. 1972 मध्ये कोरियातल्या जहाजबांधणी कंपनीशी किंमत डॉलरमध्ये, पाच हप्त्यांत, असा करार झाला. फेब्रुवारी 1973 मध्ये डॉलरचं दहा टक्के अवमूल्यन झालं आणि कंपनीने उरलेल्या हप्त्यांवर दहा टक्के जास्त मागितले. करारात त्याला काही आधार नव्हता. पण मालकांनी ते जहाज आधीच भाड्याने देण्याचा मोठा सौदा केला होता, जहाज वेळेवर मिळणं त्यांना भागच होतं. जून 1973 मध्ये त्यांनी हक्क राखून ठेवत वाढ मान्य केली, आणि पुढचे हप्ते निमूट भरले. नोव्हेंबर 1974 मध्ये जहाज ताब्यात आलं. जादा पैशांची मागणी मात्र केली जुलै 1975 मध्ये.

इंग्लंडच्या न्यायालयाने 1978 मध्ये मान्य केलं की ही आर्थिक बळजबरीच होती आणि वाढीचा करार रद्द करता आला असता. तरीही मालक हरले. जहाज हातात आल्यावर दबाव संपला होता. शेवटचा हप्ता भरताना निषेध नोंदवला असता तरी जहाज अडकण्याचा धोका नव्हता. त्यानंतरचे आठ महिने गप्प राहणं म्हणजे करार कायम केल्यासारखंच आहे, असं न्यायालयाने धरलं. मनात वेगळं होतं, हे मालकांचं म्हणणं उपयोगी पडलं नाही, कारण मोजलं गेलं ते वर्तन.

म्हणून अशा प्रकरणात वकील आधी सहीची तारीख विचारत नाहीत. खरं कधी कळलं, किंवा धाक कधी संपला, आणि त्यानंतर काय केलं, हे विचारतात. कळल्यावर हप्ता भरला का, माल वापरला का, मुदतवाढ मागितली का? यातलं काही करण्याआधी ‘मी हा करार रद्द करतो’ असं समोरच्याला लेखी कळवलेलं असावं, आणि करारातून मिळालेलं परत करण्याची तयारी त्याच पत्रात दाखवलेली असावी. पैसे भरणं टळतच नसेल, तर भरतानाच निषेध लिहून द्यावा. आणि दबाव ओसरला की त्या पत्रापाठोपाठ प्रत्यक्ष दावाही मुदतीत लागायला हवा.